व्हिसा रिजेक्ट झाला: डिपॉझिट वापस मागायचं की पुढच्या इनटेकवर ढकलायचं?

ऑगस्ट २०२५ मधे माझ्या मावसभावाचा यूकेचा स्टुडंट व्हिसा रिफ्यूज झाला. गाव दारव्हा तालुक्यातलं, घरी कापूस-सोयाबीन, आणि युनिव्हर्सिटीला डिपॉझिट म्हणून भरलेले ५,००० पाउंड. तेव्हाच्या साधारण ११५ रुपयाच्या भावाने पावणेसहा लाख, त्यातला बराचसा भाग पतसंस्थेतून उचललेला. मावसाजींचा पहिला प्रश्न एकच, "पैसे वापस भेटतीन का नाई ते सांग." एजंटचा फोन मात्र दुसऱ्याच दिवशी आला, की रिफंडच्या भानगडीत पडू नका, जानेवारीला डेफर करून टाकू, डिपॉझिट तिथंच राहू द्या.

त्या आठवड्यात आम्ही दोन्ही रस्ते कागदावर मांडले होते. सध्या ज्यांच्या हातात रिफ्युजल लेटर आहे त्यांच्यासाठी तेच इथं लिहितो. आकडे यूकेचे आणि आमच्या केसचे आहेत, तुमची पॉलिसी तुम्हालाच उघडून वाचावी लागेल.

आधी रिफ्युजल लेटर नीट वाचा, पहिलं पान नाही तर सगळी पानं, कारण रिफंड की डेफर हे अर्धं तिथंच ठरतं. आमच्याकडे कारण होतं पैशाचं. उरलेली फी ११,५०० पाउंड आणि लंडनबाहेरचा राहण्याचा खर्च महिन्याला १,१३६ प्रमाणे ९ महिन्यांचा १०,२२४ (तेव्हाचा दर, नंतर नोव्हेंबरमधे तो वाढला), म्हणजे २१,७२४ पाउंड, अंदाजे २५ लाख, सलग २८ दिवस खात्यात दिसायला पाहिजे होते. दिसतही होते, पण मोठ्या बाबांच्या खात्यात. आपल्याकडे एकत्र कुटुंबात पैसा मोठ्या भावाच्या नावावर असणं यात काही नवल नाही, पण यूकेच्या नियमात खातं स्वतः विद्यार्थ्याचं, आईवडलांचं नाहीतर कायदेशीर पालकाचं लागतं, काका चालत नाहीत, मग घर एक असो की चूल एक असो.

असं कारण दुरुस्त होणारं असतं. पैसे वडलांच्या खात्यात टाकायचे, २८ दिवस हलवायचे नाहीत, आणि २८ दिवस जिथं संपतात ती तारीख अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत बसवायची, मग सोबत जन्मदाखला आणि वडलांचं संमतीपत्र. अशा केसमधे डेफर करण्यात अर्थ असू शकतो. पण लेटरमधे तुम्ही खरे विद्यार्थी वाटत नाही, मुलाखतीत कोर्सबद्दल सांगता आलं नाही, असं काही लिहिलं असेल तर जानेवारीपर्यंत त्यात फारसं काही बदलणार नाही, तिथं मी सरळ रिफंड म्हणेन. आणि खोटे कागद किंवा फसवणुकीचा ठपका असेल तर गोष्टच वेगळी, त्यात १० वर्षांची बंदी येऊ शकते आणि बहुतेक युनिव्हर्सिट्या अशा वेळी रिफंडही नाकारतात. ठपका चुकीचा असेल तर आधी अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू, म्हणजे निर्णय पुन्हा तपासायचा अर्ज, टाका, भारतातून २८ दिवसांच्या आत, २०२५ मधे त्याची फी ८० पाउंड होती, आणि रिफंडचा अर्ज त्याच्यासोबतच मुदतीत देऊन ठेवा.

आता पैशाचा हिशोब. आमच्या पॉलिसीत लिहिलं होतं की व्हिसा नाकारला तर २५० पाउंड प्रशासकीय खर्च कापून बाकी परत. म्हणजे ११५ च्या भावाने २८,७५० रुपये जाणार. आता दुसरी बाजू बघा, पतसंस्थेचं व्याज १२ टक्के, सगळी रक्कम तिथलीच धरली तर पावणेसहा लाखावर महिन्याला ५,७५०. म्हणजे पाच महिन्यांचं व्याज बरोबर तेवढंच होतं, आणि रिफंड यायलाही दीड-दोन महिने लागतातच, त्या काळात व्याज चालूच. म्हणून जानेवारीचा इनटेक मिळत असेल तर डेफर करणं पैशाच्या हिशोबात तोट्याचं नाही, उलट थोडं वाचतंच. पण पुढच्या सप्टेंबरवर ढकललं तर ७० हजारांच्या आसपास व्याज, पैसा तिकडं बिनव्याजी पडलेला, आणि नवीन वर्षाची फी वाढली तर नवीन ऑफर लेटर नवीन फीचं. एजंट "डेफर करा" म्हणतो तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा, कोणत्या महिन्याला आणि कोणत्या फीवर.

एजंटबद्दल कडू बोलायचं नाही, आमच्याने कागद चांगले करून दिले होते, पण त्याचं कमिशन विद्यार्थी तिकडं जाऊन नाव नोंदवतो तेव्हा युनिव्हर्सिटी देते, रिफंड झाला की त्याच्या हाती काही येत नाही. त्याचा सल्ला हे माहीत ठेवून ऐका.

डेफरमधे अजून एक गोष्ट आहे जी आम्हाला कोणी सांगितली नव्हती. कॅस म्हणजे युनिव्हर्सिटी व्हिसासाठी देते तो प्रवेश पक्का असल्याचा दाखला. एक कॅस एकाच अर्जाला चालतो, रिफ्युजल झालं की तो संपला, पुढच्या वेळी युनिव्हर्सिटीने नवीन द्यावा लागतो आणि तो द्यायलाच पाहिजे असं बंधन तिच्यावर नाही. युनिव्हर्सिट्या हात आखडता घेतात त्याला कारण आहे. त्यांच्या कॅसवर गेलेल्या अर्जांपैकी ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त नाकारले गेले तर त्यांचं परदेशी विद्यार्थी घ्यायचं स्पॉन्सर लायसन्स धोक्यात येतं. ही मर्यादा आधी १० टक्के होती, आणि २०२५ च्या मे महिन्यातल्या श्वेतपत्रिकेत ती ५ टक्क्यांवर आणायचं सरकारने म्हटलं होतं. म्हणून काही जण एकदा रिफ्यूज झालेल्याला दुसरा कॅस देतच नाहीत. डिपॉझिट तिकडं ठेवून बसलात आणि डिसेंबरमधे कळलं की कॅस मिळणार नाही, तर तोवर रिफंड मागायची मुदतच निघून गेलेली असू शकते.

ही मुदतच सगळ्यात जास्त लोकांना नडते. आमच्या पॉलिसीत रिफ्युजलच्या तारखेपासून २८ दिवस होते, दुसरीकडे कमीजास्त असेल. आणि काही पॉलिस्यांमधे अशी ओळ असते की एकदा डेफर केलेलं डिपॉझिट परत मिळणार नाही. तुमच्या पॉलिसीत ती ओळ शोधा. सापडली नाही तरी ईमेलवर विचारा की डेफर केल्यावर दुसऱ्यांदा व्हिसा नाकारला तर हेच रिफंडचं कलम लागू राहील का, आणि उत्तर लेखी आल्याशिवाय डेफरचा फॉर्म भरू नका. फोनवरचं "हो हो डोन्ट वरी" काही कामाचं नाही.

आम्ही दोन्ही गोष्टी एकदम केल्या. जानेवारी इनटेक आहे का हे विचारलं आणि त्याच दिवशी रिफंडचा अर्जही टाकला म्हणजे मुदत सांभाळली जाते. उत्तर आलं की त्या कोर्सला जानेवारी इनटेकच नाही, फक्त सप्टेंबर. मग ठरवायचं काही राहिलंच नाही.

पण रिफंडला पहिलं उत्तर काय आलं असेल? दोन ओळींचं, डिपॉझिट नॉन-रिफंडेबल आहे, ऑफर लेटर पाहा. मावसाजी तर खाटेवरच बसले. हे उत्तर बघून बरेच जण सोडून देतात, ते करू नका. ऑफर लेटरमधे खरंच तसं लिहिलेलं होतं, पण त्याच वाक्यात "रिफंड पॉलिसीत दिलेले अपवाद सोडून" असंही होतं, आणि पॉलिसीच्या अपवादांत व्हिसा नाकारणं पहिल्याच क्रमांकावर होतं.

दुसरा मेल आम्ही मोजून मापून लिहिला. विषयात अर्ज क्रमांक आणि "व्हिसा नाकारल्यामुळे डिपॉझिट परताव्याची विनंती". आत आशय असा: मी अमुक तारखेला ऑफर स्वीकारली आणि डिपॉझिट भरलं, त्या तारखेला लागू असलेल्या तुमच्या पॉलिसीच्या कलम ५.३ मधे व्हिसा नाकारल्यास २५० पाउंड वजा करून परतावा मिळेल असं म्हटलंय, नाकारल्याची तारीख अमुक, आज बारावा दिवस म्हणजे २८ दिवसांच्या आत, नाकारण्याचं कारण खातं कोणाचं हे आहे, कागद खोटे असल्याचं लेटरमधे कुठंही नाही त्यामुळे ५.४ चा अपवाद लागू होत नाही, कृपया ४,७५० पाउंड परत करा किंवा नाकारायचं असेल तर कोणत्या कलमाखाली ते लिहून कळवा. बस एवढंच. घरची परिस्थिती, कर्ज, नापिकी यातलं काही टाकलं नाही. भावाला टाकायचं होतं, मी नको म्हटलं, कारण समोरच्या माणसाला फाईलमधे कलम जोडायचं असतं आणि आपण त्याला तेच हातात द्यायचं.

शेवटची ओळ, कोणत्या कलमाखाली नाकारता, तीच कामी आली असं मला वाटतं. सोबत रिफ्युजल लेटरची सगळी पानं, पैसे भरल्याची स्विफ्ट कॉपी आणि पॉलिसीची ऑफर स्वीकारताना काढून ठेवलेली पीडीएफ. ही पीडीएफ फार महत्त्वाची, वेबसाइटवरची पॉलिसी दरवर्षी बदलते आणि पाठवणारा क्लार्क नवीन वर्षाची लावू शकतो. काढून ठेवली नसेल तर वेबॅक मशीनवर त्या पानाची जुनी प्रत सापडते का बघा. मेल एजंटकडून नाही तर अर्जात नोंदवलेल्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या ईमेलवरून, आणि फक्त अ‍ॅडमिशनला नाही, फायनान्सलाही.

नऊ दिवसांनी मंजुरी आली. मग आठवडाभर खात्यावरून अडकलं, कारण डिपॉझिट भरलं होतं मोठ्या बाबांच्या खात्यातून आणि युनिव्हर्सिटी मनी लाँड्रिंगच्या नियमामुळे ज्या खात्यातून आले तिथंच परत पाठवते, भावाने मात्र फॉर्ममधे स्वतःचं खातं लिहिलं होतं. तुम्ही पहिल्याच फॉर्ममधे पैसे भरणाऱ्याचं नाव, खाते क्रमांक, बँकेचा स्विफ्ट कोड टाका. एज्युकेशन लोनमधून भरले असतील तर आधी बँकेला विचारा, परतावा साधारणपणे लोन खात्यातच जायला लागतो.

व्हिसाची फी ५२४ पाउंड गेलीच, ती कोणत्याच रस्त्याने परत येत नाही. हेल्थ सरचार्जचे १,१६४ पाउंड मात्र ज्या कार्डवरून भरले त्यावर आपोआप आले, त्यासाठी वेगळा अर्ज लागला नाही, फक्त ते कार्ड बंद करू नका.

डिपॉझिटचे पैसे सातव्या आठवड्यात आले, मधल्या बँकेने थोडं कापून. बँकेने पैसे कशाचे म्हणून विचारलं, तेव्हा आधी पाठवल्याची स्विफ्ट कॉपी आणि मंजुरीचा मेल दाखवला. मावसाजी त्याच दुपारी पतसंस्थेत गेले, आणि भावाने पुढच्या वर्षासाठी वडलांच्या नावाने वेगळं बचत खातं उघडलं.