वॉरंटी कार्ड मराठीत: शब्दशः की सोप्या भाषेत?

वॉशिंग मशीनच्या कार्डाचा अनुवाद कसा करावा, असं एका सहकारी अनुवादकानं विचारलं. अट होती: पूर्ण मशीन 2 वर्षं, मोटर 10 वर्षं.

मुदत: शब्दशः अनुवादात ‘मोटरवर 10 वर्षे वॉरंटी’ एवढंच उरतं आणि वाचणाऱ्याला सगळं मोफत वाटतं. सोप्या मजकुरात उलगडता येतं: ‘तिसऱ्या वर्षापासून फक्त मोटर मोफत, मजुरी ग्राहकाकडे.’ अर्थात, मूळ अटींत तसं असेल तरच.

वॉरंटीतून वगळलेल्या गोष्टी: इथे सोपेपणा घातक. ‘यांसह, परंतु एवढ्यापुरते मर्यादित नाही’ हे जड वाटलं म्हणून गाळलं, तर यादी बंदिस्त होते, अर्थच बदलतो.

दावा: बिल शोधा, अनुक्रमांक पाहा, तक्रार क्रमांक लिहून घ्या, अशा सूचनांना सोपी भाषाच हवी.

घरी वापरायच्या पत्रकाला सोपा अनुवाद घ्या, वादात पुरावा ठरणाऱ्या अटींना शब्दशः.