डेमोच्या व्हिडिओवरून मॅन्युअल: थांबवत लिहावं, फ्रेम उपसाव्यात की सॉफ्टवेअरच पुन्हा चालवावं?

दूध संकलन केंद्रासाठीच्या एका सॉफ्टवेअरचा चौदा मिनिटांचा डेमो मला व्हॉट्सअ‍ॅपवर आला. खाली एकच ओळ होती: "यावरून मॅन्युअल करून द्या, गावातल्या सेक्रेटरीला वाचून जमलं पाहिजे." हे काम तीन पद्धतींनी करता येतं, आणि कुठली निवडावी यावर मॅन्युअल लिहिणाऱ्यांत नेहमी वाद असतो. म्हणून व्हिडिओतला एकच तुकडा घेतला, नवा दर लावण्याचा, ४:१० ते ६:३५ पर्यंतचा, आणि तो तिन्ही पद्धतींनी करून पाहिला.

त्याआधी एक गोष्ट, जी तिन्हींना लागू आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाते. मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. मूळ फाइलमध्येही रंगाची माहिती बहुधा उजेडाच्या माहितीपेक्षा विरळ साठवलेली असते, आडवी निम्मी आणि उभी निम्मी. काळी अक्षरं त्यामुळे ठीक दिसतात, पण निळ्या पट्टीवरची लाल अक्षरं फिसकटतात. नेमकी चूक दाखवणारी सूचना लाल अक्षरांत असते, आणि छापल्यावर तीच वाचता येत नाही.

पहिली: थांबवत, बघत, लिहित

व्हीएलसी उघडायचं, व्हिडिओ चालवायचा, काही घडलं की थांबवायचं. `E` दाबलं की एक फ्रेम पुढे जाते, `Shift+S` दाबलं की त्या क्षणाचं चित्र साठवलं जातं. शेजारी वही किंवा वर्डची फाइल. साधनं शिकण्यात वेळ जात नाही, हा हिचा मोठा गुण.

माझ्या तुकड्यात सादर करणारा म्हणतो, "इथे जायचं, रेट चार्ट, एक्सेल घ्यायची, तारीख द्यायची, सेव्ह, झालं." पाच गोष्टी. पडद्यावर मोजल्या तर नऊ निघाल्या. `Masters` मेनू, त्यात `Rate Chart`, मग `Import`, गाय की म्हैस याची निवड, फाइल, `Effective Date`, `Shift`, `Save`. आणि शेवटी एक छोटी चौकट, जी अर्धा सेकंद दिसली आणि गेली. ती मला तिसऱ्या वेळी बघताना दिसली. माऊस तिच्याकडे गेलाच नव्हता, म्हणजे त्याने कीबोर्डवर एंटर दाबलं असणार. व्हिडिओत बोटं दिसत नाहीत.

अडीच मिनिटांच्या तुकड्याला मला जवळपास दीड तास लागला. पूर्ण चौदा मिनिटांना दोन दिवस धरावे लागतील. पण डोळ्यांनी बघितल्यामुळेच ती चौकट सापडली, हे लक्षात राहू द्या.

दुसरी: आवाजाचा मजकूर आणि बदललेल्या फ्रेम

इथे दोन कामं मशीन करतं. एक म्हणजे बोलणं वेळेसकट मजकुरात उतरवणं. व्हिस्पर हे मोफत साधन आपल्याच संगणकावर चालतं:

```
whisper demo.mp4 --language mr --model medium --output_format srt
```

दुसरं म्हणजे पडदा जिथे बदलला तिथली चित्रं `ffmpeg` या साधनाने काढणं:

```
ffmpeg -i demo.mp4 -vf "select='gt(scene,0.03)',showinfo" -fps_mode vfr p_%03d.png
```

यातला `0.03` हा आकडा सगळा खेळ ठरवतो. शून्य म्हणजे काहीच बदललं नाही, एक म्हणजे सगळंच बदललं. सिनेमातले कट शोधायला 0.3 ते 0.4 वापरतात, आणि नेटवर सापडणाऱ्या उदाहरणांत तोच आकडा असतो. पडद्याच्या चित्रीकरणाला तो चालत नाही, कारण एक छोटी यादी उघडली किंवा चौकोनात खूण झाली तर पडद्याचा अगदी थोडा भाग बदलतो. मी 0.3 ठेवला तेव्हा माझ्या तुकड्यात फक्त दोन चित्रं आली. 0.03 वर जवळपास सगळ्या खिडक्या आल्या, शिवाय बरीच रद्दीही आली. फाइलींची यादी खाली सरकवली की प्रत्येक सरकण्याचं एक चित्र. रद्दी निवडून टाकणं सोपं असतं, न आलेलं चित्र आठवणं अवघड, म्हणून आकडा कमीच ठेवावा.

पण खरी अडचण वेगळी आहे, आणि ती मी पहिल्यांदा पूर्ण मॅन्युअल चिकटवून झाल्यावर ओळखली. ही आज्ञा बदल *झाल्यानंतरची* पहिली फ्रेम देते. म्हणजे 'इम्पोर्ट दाबा' या पायरीशेजारी इम्पोर्ट दाबल्यावर उघडलेली खिडकी येते, तीही कधी कधी अर्धवट उघडलेली. वाचणाऱ्याला तर बटण कुठे आहे ते दाखवायचं असतं. `showinfo` प्रत्येक फ्रेमची वेळ `pts_time` म्हणून छापतो. त्यातून साधारण अर्धा सेकंद वजा करायचा आणि आधीचं चित्र वेगळं काढायचं:

```
ffmpeg -ss 00:05:11.5 -i demo.mp4 -frames:v 1 p_04.png
```

त्या क्षणी माऊस बहुतेक वेळा बटणावरच असतो, त्यामुळे बाण काढायचं कामही वाचतं.

मजकुराचं म्हणाल, तर सुरुवात म्हणून तो बरा असतो, पायऱ्या म्हणून नाही. डेमो देणारा माणूस "हे", "इथलं", "असं केलं की" असं बोलतो. ते शब्द माऊसबरोबर अर्थ देतात, कागदावर नाही. मराठी बोलण्यात आणखी एक गाठ असते. तो म्हणाला, "साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफ." एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ. पडद्यावर 3.5 आणि 8.5 लिहायचंय, हे मजकूर सांगत नाही. बटणांची नावं देवनागरीत उतरतात, कधी चुकीची ऐकून. मॅन्युअलमध्ये मात्र पडद्यावर जे दिसतं तेच, त्याच लिपीत हवं, नाहीतर सेक्रेटरी 'आयात' नावाचं बटण शोधत बसेल. आणि सादर करणारा गप्प बसला, नुसतं संगीत वाजत राहिलं, की व्हिस्पर कधी कधी न बोललेली वाक्यं घालतं. त्या जागा व्हिडिओशी ताडून बघाव्याच लागतात.

याच तुकड्याला ही पद्धत पाऊण तासात झाली. नऊपैकी आठ पायऱ्या आल्या. अर्ध्या सेकंदाची चौकट छोटी होती, 0.03 च्या गाळणीतून ती निसटली.

तिसरी: व्हिडिओ बघून सॉफ्टवेअर स्वतः चालवणं

यात व्हिडिओ ही नुसती अनुक्रमणिका. सॉफ्टवेअरची डेमो प्रत मागवायची, तेच काम स्वतः करायचं आणि करताना पायऱ्या नोंदवायच्या. विंडोजमध्ये `psr` लिहून उघडणारा स्टेप्स रेकॉर्डर प्रत्येक क्लिकचं चित्र घेतो आणि शेजारी काय दाबलं ते लिहितो. त्याच्या दोन मर्यादा आधीच माहीत हव्यात. आपण टाइप केलेला मजकूर तो नोंदवत नाही, आणि सेटिंग बदललं नाही तर शेवटची 25 चित्रंच ठेवतो. शिवाय मायक्रोसॉफ्टने तो आता मोडीत काढायला घेतला आहे. नव्या कामासाठी पडद्याची चित्रं घेणारं दुसरं कुठलंही साधन, किंवा हाताने घेतलेले स्क्रीनशॉट, चालतात.

इथे ती चौकट पुन्हा आली आणि या वेळी थांबून राहिली. तिच्यात विचारलं होतं की या तारखेचं संकलन आधीच झालंय, नव्या दराने पुन्हा हिशोब करायचा का? डेमोत एंटर दाबलं गेलं होतं, म्हणजे 'हो'. केंद्रात असं केलं, तर सकाळी दूध घालून गेलेल्या उत्पादकांच्या हातातल्या पावत्या एक रक्कम दाखवणार आणि संगणक दुसरी. डेमोच्या माणसाला याची फिकीर नव्हती, त्याला कुणाचे पैसे द्यायचे नव्हते. मॅन्युअलमध्ये मात्र आता इथे ठळक इशारा आहे: दर पुढच्या पाळीपासून लावा, चालू पाळीला लावू नका.

व्हिडिओत न दिसणाऱ्या आणखी गोष्टी इथेच कळल्या. ऑपरेटरच्या लॉगिनने `Rate Chart` मेनू दिसतच नाही, व्हिडिओ अ‍ॅडमिनच्या लॉगिनने केला होता. एक्सेलची फाइल आधीच तयार होती, तिच्यात आडवा एसएनएफ आणि उभा फॅट हवा, हे कुणी बोललंच नव्हतं. चित्रंही स्वच्छ आली, आणि उत्पादकांची नावं मला खोटी घालता आली. मूळ व्हिडिओत खऱ्या सभासदांचे मोबाइल नंबर दिसत होते, ती चित्रं छापणं योग्य नव्हतंच.

वेळ गेला दोन तास, त्यातला निम्मा प्रत मिळवून चालू करण्यात.

मग निवड कशी करायची

सॉफ्टवेअर हाताशी येत असेल तर मी तिसरी पद्धत धरतो, आणि दुसरीतला मजकूर फक्त विषयांची यादी करायला वापरतो. डेमोचा क्रम विकण्यासाठी लावलेला असतो, आकर्षक अहवाल आधी आणि सभासद नोंदणी शेवटी. सेक्रेटरीचा दिवस उलटा चालतो, त्यामुळे प्रकरणांचा क्रम तसाही बदलावाच लागतो.

प्रत मिळत नसेल आणि व्हिडिओ लांब, स्वच्छ पडद्याचा असेल, तर दुसरी. मात्र एकदा तरी सलग, सावकाश डोळ्यांनी बघा, खास करून जिथे माऊस न हलता पडदा बदलतो तिथे. अशा जागी बहुधा कीबोर्ड वापरलेला असतो. खिडकीच्या वरच्या पट्टीत आवृत्तीचा क्रमांक दिसतो का तेही बघा, ग्राहकाकडची आवृत्ती वेगळी निघाली तर चित्रं फुकट जातात.

पाच-सात मिनिटांचा व्हिडिओ असेल, किंवा विषय पडद्याचा नसून मशीनचा असेल, तर पहिली. फॅट मोजायच्या मशीनचा व्हिडिओ मी त्याच गाळणीतून काढून पाहिला. हात सतत हलत होता, कॅमेराही हलत होता, त्यामुळे शेकडो चित्रं आली आणि त्यांत नळी नेमकी कधी बसवली ते कळेना. मशीनच्या व्हिडिओत हात थांबतो तो क्षण हवा असतो, आणि तो डोळ्यालाच कळतो.

तिन्ही कच्चे मसुदे तयार झाल्यावर तिसरा एका केंद्राच्या सेक्रेटरींना दिला. व्हिडिओ त्यांनी पाहिलेला नव्हता. मी शेजारी गप्प बसलो. ते पाचव्या पायरीवर अडले. `Import` दाबल्यावर उघडलेल्या खिडकीत त्यांना त्यांची फाइल दिसेना. संघाकडून आलेली फाइल जुन्या `.xls` प्रकारची होती आणि सॉफ्टवेअर फक्त `.xlsx` दाखवत होतं. माझी फाइल मीच बनवलेली, ती पहिल्यापासून `.xlsx`. पाचव्या पायरीच्या वर आता एक पायरी वाढली आहे: फाइल एक्सेलमध्ये उघडा आणि `Save As` मधून `.xlsx` करून ठेवा.