मेलमधली तिकिटं एका यादीत: नऊ महिने वापरून झाल्यावर

आमच्या घरात प्रवासाचं खातं माझ्याकडे आहे. तिकिटं मी काढते, हॉटेल मी बघते, आणि निघायच्या आदल्या दिवशी "गाडी कितीची आहे गं?" हा फोनही मलाच येतो. मेलमध्ये सगळं असतंच, पण विमानाचं एका मेलमध्ये, गाडीचं दुसऱ्या, हॉटेलचं तिसऱ्या. त्यात जाहिरातींचे मेल इतके की ऐन वेळी नेमका हवा तो सापडत नाही. म्हणून गेल्या वर्षी मी बुकिंगचे मेल वाचून त्यांची तारखेनुसार एक यादी करून देणारी एक सेवा वापरायला घेतली. नाव लिहीत नाही, कारण मला आलेले बहुतेक अनुभव या प्रकारच्या कुठल्याही सेवेला लागू होतील असं वाटतं.

रीत साधी. त्यांनी दिलेल्या एका पत्त्यावर बुकिंगचा मेल फॉरवर्ड करायचा, पाचेक मिनिटांत नोंद यादीत येते. दुसरा मार्ग म्हणजे त्यांना थेट आपली मेलपेटी उघडून द्यायची. तो मी घेतला नाही. जीमेल अशा सेवेला वाचायची परवानगी देतं तेव्हा ती अख्ख्या पेटीची असते. "फक्त विमान कंपनीचे मेल वाच" अशी सोय त्या परवानगीत नाही. बँकेची पत्रं आणि बाबांचे रक्ताचे रिपोर्ट त्याच पेटीत पडलेले असतात. फॉरवर्ड करण्याचे चार सेकंद मला परवडतात.

पण या फॉरवर्ड करण्यातच पहिली मेख निघाली, आणि ती कळायला मला दोन महिने लागले. विमानाचं एकच बुकिंग मी एकदा हाताने फॉरवर्ड केलं तर यादीत वेळ चुकली, आणि ताईने तिच्या पेटीतून आपोआप पाठवलं तर अगदी बरोबर आलं. मेल तोच. फरक कशात असावा म्हणून मी मूळ मेल उघडून पाहिला. बऱ्याच विमान कंपन्या आणि हॉटेलांच्या साइट मेलच्या आत आपल्याला न दिसणारा एक तुकडा ठेवतात, फक्त यंत्राने वाचण्यासाठी. तो साधारण असा असतो (क्रमांक बदलला आहे):

```json
{
  "@type": "FlightReservation",
  "reservationNumber": "ABC123",
  "reservationFor": {
    "@type": "Flight",
    "departureTime": "2025-05-21T00:40:00+05:30",
    "arrivalTime": "2025-05-21T02:15:00+04:00"
  }
}
```

हा तुकडा असला की सेवेला अंदाज करावा लागत नाही. शेवटचे `+05:30` आणि `+04:00` हे खरे कामाचे, कारण मुंबईची वेळ आणि दुबईची वेळ वेगळी आहे हे त्यातूनच कळतं. जीमेलमध्ये आपण Forward दाबून मेल पाठवतो तेव्हा दिसणारा मजकूर पुढे जातो, हा दडलेला तुकडा गळून पडतो. मग सेवा उरलेल्या मजकुरातून तारीख-वेळ शोधत बसते. फिल्टर लावून आपोआप पाठवलेला मेल मात्र आहे तसा जातो.

गळती झाली आहे हे ओळखायची माझी खूण म्हणजे प्रवासाचा एकूण वेळ. मुंबई ते दुबई तीन तासांच्या थोडं वर लागतं. माझ्या यादीत तो एक तास पस्तीस मिनिटं आला होता. रात्री बारा चाळीसला निघून सव्वादोनला पोचलो, असं सरळ वजा केलेलं. दीड तासाचा फरक विसरल्याशिवाय असं होत नाही.

स्वतः तपासायचं असेल तर जीमेलमध्ये मेलच्या तीन टिंबांतून Show original उघडा आणि `application/ld+json` शोधा. सापडलं तर तुकडा आहे. सापडलं नाही म्हणजे नाहीच असं मात्र नाही. काही मेल आतून बेस-६४ मध्ये गुंडाळलेले असतात, तिथे नुसती अक्षरांची भेळ दिसते.

फिल्टर लावून टाकू म्हटलं तर तिथेही अडथळा. नव्या पत्त्यावर आपोआप पाठवायचं तर जीमेल आधी त्या पत्त्यावर खात्रीचा कोड धाडतं, आणि तो पत्ता तर सेवेच्या यंत्राचा, माझा नाही. ताईच्या वेळी त्यांच्या मदत विभागाने तो कोड काढून दिला होता, मला तिसऱ्या मेलनंतर मिळाला. आता चार प्रेषकांसाठी फिल्टर आहेत आणि विमानांच्या बाबतीत तक्रार उरलेली नाही.

रेल्वेचं मात्र प्रकरण वेगळं आहे. खरं तर हा अनुभव लिहायला बसले ते त्याच्याचसाठी.

डिसेंबरमध्ये आई, बाबा आणि मी पुण्याहून कोल्हापूरला जाणार होतो, महालक्ष्मी एक्सप्रेसने. ही गाडी मुंबईहून रात्री साडेआठच्या आतबाहेर निघते, पुण्यात मध्यरात्र उलटल्यावर येते आणि सकाळी साडेसातच्या सुमारास कोल्हापुरात पोचवते. पुण्याहून जागा मिळेना, म्हणून मी तिकीट मुंबईपासूनचं काढलं आणि चढायचं स्टेशन पुणे ठेवलं. पैसे जास्त गेले, पण तिघांच्या बर्थ मिळाल्या. तिकिटावर हे स्वच्छ लिहिलेलं असतं: `Booked From` मुंबई, `Boarding At` पुणे. मुंबईहून निघायची तारीख १३, पुण्यात चढायची १४.

सेवेने पहिलं स्टेशन उचललं आणि पहिली तारीख उचलली. यादीत नोंद आली: १३ डिसेंबर, रात्री, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. मी ती वाचलीसुद्धा नाही, कारण तिकीट माझ्या डोक्यात पक्कं होतं. पण ही यादी मी आईबाबांच्या फोनवरच्या कॅलेंडरलाही जोडून दिली होती. १३ तारखेला संध्याकाळी साडेपाचला बाबांचा फोन वाजला आणि तीन तासांत मुंबईहून गाडी असल्याची आठवण आली. बाबांचा मला फोन: "अगं, आपण मुंबईला जायचं होतं का?" आई मागून विचारत होती की डबे आत्ता भरायचे की नंतर. बाबांना समजावलं, पण रात्री अकरापर्यंत ते दर तासाला तिकीट काढून वाचत होते.

उलटं झालं असतं तर जास्त महागात गेलं असतं. पुण्याहूनच चढायचं साधं तिकीट असेल आणि यादीत "१४ डिसेंबर, रात्री बारा वाजून काही मिनिटं" असं आलं, तर माणूस १४ च्या संध्याकाळी बॅग भरायला घेतो. गाडी तर आदल्या रात्रीच निघून गेलेली असते. ही चूक यंत्राची नाही, नोंद बरोबरच आहे. आपण रात्रीला आदल्या दिवसाचं नाव देतो आणि कॅलेंडर देत नाही, एवढंच. तेव्हापासून रात्री बारा ते तीनमधल्या प्रत्येक प्रवासासाठी मी आदल्या दिवशी रात्री नऊला हाताने एक वेगळी नोंद घालते: "आज रात्री निघायचं". दुबईच्या विमानालाही हेच केलं.

दुसरी गोष्ट वेटिंगची. बुकिंगच्या वेळी मेलमध्ये जी स्थिती असते ती तिथेच गोठते. पुढे तिकीट पक्कं झालं, आरएसी झालं की वेटिंगच राहिलं, हे जुन्या मेलला कळत नाही आणि त्यावरून केलेल्या यादीलाही नाही. माझ्या यादीत `WL 14` असलेलं तिकीट पक्क्या तिकिटाइतकंच ठसठशीत दिसत होतं, गाडी क्रमांक, वेळ, सगळं. ऑनलाइन काढलेल्या तिकिटावर चार्ट लागल्यानंतरही सगळे प्रवासी वेटिंगवर राहिले तर ते तिकीट आपोआप रद्द होतं आणि त्यावर गाडीत चढता येत नाही. यादी मात्र "कोच क्रमांक अजून नाही" एवढंच म्हणते. म्हणून शीर्षकात मी स्वतः "वेटिंग" असं लिहिते आणि १३९ वर पीएनआर पाठवून स्थिती कळली की बदलते. हे काम यादीने करावं अशी अपेक्षा मी आता ठेवत नाही.

एवढं सगळं हाताने करायचं तर उपयोग काय, असं नवऱ्याने विचारलं होतं. उपयोग कोल्हापूरच्याच प्रवासात दिसला. गाडीची नोंद दुरुस्त केल्यावर यादी वरून खाली नीट वाचली: सकाळी साडेसातला उतरणार, आणि खाली हॉटेलची नोंद, खोली दुपारी बारापासून. मध्ये साडेचार तास काहीच नाही. तिकीट आणि हॉटेल मी वेगवेगळ्या आठवड्यांत काढली होती, दोन्ही मेल आपापल्या जागी बरोबर होते, म्हणून हे भोक कधी दिसलं नव्हतं. हॉटेलला फोन केला, त्यांनी सामान ठेवून आंघोळीपुरती खोली द्यायचं कबूल केलं. आईबाबांना स्टेशनवर बाकावर बसवायची वेळ आली नाही. यादी मेल गोळा करते म्हणून नाही, तर दोन नोंदींमधली रिकामी जागा दाखवते म्हणून मी ती ठेवली आहे.

हॉटेलांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मध्यस्थ साइटचा एक मेल येतो आणि हॉटेलचा स्वतःचा दुसरा. नावाचं स्पेलिंग वेगळं असलं की यादीत एकाच रात्रीला दोन हॉटेलं दिसतात. विमानाच्या बाबतीत उड्डाण क्रमांक आणि तारीख जुळली की नोंदी एक होतात, हॉटेलला असा क्रमांकच नाही. रद्द केलेलं बुकिंगही कधीकधी यादीत तसंच राहतं, ते मी हाताने काढते.

एक काळजी मात्र सांगते. यादी घरच्यांना दाखवायची तर पीएनआर लपवून दाखवा. विमानाचा सहा अक्षरांचा पीएनआर आणि आडनाव एवढं हाती असलं की बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर बुकिंग उघडता येतं, कधी बदलताही येतं. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर कुणीतरी हौसेने यादीचा फोटो टाकला होता, दोन्ही गोष्टी ठळक अक्षरांत. आता दाखवायच्या प्रतीत फक्त तारीख, वेळ आणि ठिकाण असतं.

पैसे भरायची आवृत्ती मी एका वर्षासाठी घेतली, विमानाला उशीर झाल्याची सूचना मिळते म्हणून. दोनदा ती विमान कंपनीच्या मेसेजनंतर आली. पुढच्या वर्षी फुकटातलीच ठेवणार. फेब्रुवारीतल्या नागपूरच्या तिकिटाची नोंद कालच यादीत आली, तिच्या पुढे मी लगेच "वेटिंग २३" लिहिलंय, आणि बाबांना त्या कॅलेंडरमधून तूर्तास काढून टाकलंय.