हेडकाउंट काढणारं सॉफ्टवेअर, नऊ महिने वापरल्यावर

रिन्यूअलचं बिल परवा आलं, म्हणून लिहायला बसलो. नाव घेत नाही. आमचा विभाग पुण्यात गृहकर्जाच्या फायली तपासतो. एप्रिलमध्ये महिन्याला ६००० फायली होत्या, येत्या मार्चपर्यंत ९००० होतील असा अंदाज आहे. त्यासाठी वर्षभरात किती माणसं लागतील, हे काढायला आम्ही हे घेतलं.

पहिले चार महिने मी खूश होतो. आलेख सुरेख आणि महिन्यागणिक आकडा तयार, त्यामुळे वरिष्ठांनीही लगेच मंजुरी दिली. मग गणपती आले आणि त्या एका महिन्यात जवळपास १५०० फायली तुंबल्या. माणसं मात्र सॉफ्टवेअरने सांगितली होती तितकीच, म्हणजे २७, जागेवर होती.

दोन रात्री जागून मी हिशेब हाताने केला. त्या महिन्यात ७२०० फायली होत्या. एका फायलीला अर्धा तास, म्हणजे ३६०० तासांचं काम. माणसाला आपण महिन्याला १७६ तासांचा पगार देतो, पण तेवढे तास काम मिळत नाही. वर्षाच्या २६० दिवसांतले सुट्ट्या आणि रजांचे ४० दिवस जातात. उरलेल्या दिवसांतही मीटिंग, ट्रेनिंग, चहा आणि बंद पडलेली सिस्टिम यांत रोजचा दीड तास जातो. गोळाबेरीज ३१ टक्क्यांच्या आसपास येते. यालाच श्रिंकेज म्हणतात. आम्ही ३० टक्के भरले होते.

सॉफ्टवेअर काय करत होतं? ३६०० भागिले १७६ करून आलेल्या २०.४५ माणसांवर ३० टक्के वाढवत होतं, म्हणून २७. हे चूक आहे. ३० टक्के वेळ जातो तो पगाराच्या तासांतून. म्हणून माणसाचे खरे तास १७६ चे ७० टक्के, म्हणजे १२३.२ धरायचे आणि त्याने भागायचं. उत्तर येतं ३०. तीन माणसं तिथेच कमी पडली.

शिवाय आमची निम्मी टीम कोकणातली. गणपतीच्या महिन्यात श्रिंकेज ४० टक्क्यांवर गेलं. तेव्हा खरे तास उरले १०५.६ आणि माणसं हवी होती ३५. श्रिंकेज वाढतं तशी ही चूकही फुगत जाते. कामावर १०० माणसं हवी असतील तर ४० टक्क्यांना बेरीज १४० सांगते, भागाकार १६७. १० टक्क्यांना मात्र ११० आणि ११२, म्हणून छोट्या चाचणीत ती कुणाच्या नजरेत येत नाही. तुमच्याकडे असं काही असेल तर आधी १०० माणसं आणि ५० टक्के भरून बघा. उत्तर २०० यायला हवं. १५० आलं तर तोच घोळ आहे.

तक्रारीला पहिलं उत्तर आलं, ‘आपला डेटा तपासा.’ दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या फोनवर एका मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि अ‍ॅडमिनच्या तिसऱ्या पानावरचा पर्याय दाखवला. भागाकार होता, पण मुळात बेरीज निवडलेली होती. तिचा मी मनापासून ऋणी आहे. पण लाखभर रुपये घेणाऱ्यांनी चुकीची पद्धत आधीच निवडून ठेवावी, याचा राग अजून गेलेला नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र माझं मत पूर्ण बदललं. भरतीच्या तारखांचा भाग मी आधी उघडलाच नव्हता. नवा माणूस आमच्याकडे पहिला महिना शिकतो, दुसऱ्यात निम्मं काम करतो, तिसऱ्यात पूर्ण. मार्चमध्ये पूर्ण काम हवं तर तो १ जानेवारीला रुजू व्हायला हवा. दोन महिन्यांचा नोटीस पीरियड आणि निवडीचा एक महिना धरला की जागा १ ऑक्टोबरला उघडावी लागते. सॉफ्टवेअर हे उलटं मोजत नेतं आणि सोडून जाणाऱ्यांचीही भर घालतं. एप्रिलमध्ये आम्ही २३ होतो, मार्चला ३७ लागतील. मी १४ जागा धरल्या होत्या. वर्षाला २५ टक्के गळती धरली, तर सरासरी ३० जणांतून साधारण ८ जण जातील, म्हणजे एकूण भरती २२ जणांची. हा आकडा मी स्वतः कधीच मांडला नसता.

तरीही पुढच्या वर्षी पैसे भरणार नाही. रिकाम्या जागांवरही माणशी शुल्क लावतात, हे मला पटत नाही. माणसांचा हिशेब आता एक्सेलच्या एका ओळीत होतो (B फायली, C मिनिटं, D पगाराचे तास, E त्या महिन्याचं श्रिंकेज):

```
=ROUNDUP(B2*C2/60/(D2*(1-E2)),0)
```

E2 मध्ये प्रत्येक महिन्याचा वेगळा आकडा भरतो, गेल्या वर्षीच्या हजेरीवरून. तारखांचा तक्ता उतरवून घेतलाय. ऑक्टोबरमध्ये उघडलेल्या जागांवरची मुलं १ जानेवारीला रुजू झाली आहेत आणि सध्या पहिल्या फायली शिकताहेत.