पाठवण्याआधी ड्राफ्ट मोठ्यानं वाचायचा, पण कोणी? स्वतः, मशीननं की दुसऱ्या माणसानं

लिहिलेलं पाठवायच्या आधी एकदा मोठ्यानं वाचून बघ असं सगळेच सांगतात, पण मोठ्यानं वाचण्याचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हीत वेगवेगळ्या चुका सापडतात हे फारसं कोणी सांगत नाही. स्वतः वाचणं, फोन किंवा कम्प्युटरकडून वाचून घेणं, आणि दुसऱ्याच्या हातात कागद देऊन त्याला वाचायला लावणं. यातलं कुठलं कधी करायचं ते ठरवायचं असेल तर एकच मजकूर तिन्हीतून काढून बघायचा, म्हणून सोसायटीची एक साधी नोटीस घेते. ग्रुपवर टाकायची आणि लिफ्टपाशी चिकटवायची असते तशी.

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की सोसायटीच्या इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीच्या साफसफाईचे काम रविवार दिनांक 14 रोजी सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेत करण्यात येणार असल्याने सदर कालावधीत पाणीपुरवठा बंद राहणार असून सर्व सभासदांनी आदल्या दिवशी पुरेसे पाणी भरून ठेवण्याची व्यवस्था करावी व सहकार्य करावे ही नम्र विनंती."

मनात वाचलं तर यात काहीच खटकत नाही, कारण अशा नोटिसा वाचायची डोळ्यांना सवय आहे, ते सरसर पुढे जातात. आता हेच तोंडानं वाचा. सोसायटीच्या, इमारतीच्या, पाण्याच्या, टाकीच्या, असे चार "च्या" आले की जीभ घाई करायला लागते आणि "असल्याने" पर्यंत पोचता पोचता श्वास संपतो. श्वास संपला ती जागा महत्त्वाची, कारण वाक्य तिथेच संपायला हवं होतं आणि ते तर अजून अर्धं शिल्लक आहे. शिवाय पाणी बंद आहे ही एकच गोष्ट लोकांना कळायला हवी, ती येते तिसाव्या शब्दाला. मराठीत क्रियापद शेवटी येतं म्हणून हे सारखं होतं, कारण, वेळ, ठिकाण सगळं आधी भरत जातो आणि मुख्य गोष्ट ढकलली जाते मागे.

स्वतः वाचण्याचा खरा उपयोग हा आहे. वाक्याची बांधणी तपासायला आपल्या जिभेइतकं काही चालत नाही. तीन खुणा बघायच्या. श्वास कुठे तुटतो, जीभ कुठे अडखळते, आणि कागदावर एक शब्द असताना तोंडातून दुसरा कुठे येतो. ही तिसरी खूण माझ्या मते सगळ्यात कामाची. कागदावर "सदर कालावधीत" आहे आणि वाचताना तोंडून "तेव्हा" निघालं, किंवा "व्यवस्था करावी" गाळून नुसतं "भरून ठेवा" आलं, तर तोंडून आलेलं ठेवायचं. ताठर शब्द शोधत बसावं लागत नाही, तोंड ते आपणहून बदलतं, फक्त ते बदललेलं आपल्या लक्षात यायला हवं, म्हणून वाचताना शब्दाखाली बोट ठेवायचं.

आणि वाचता वाचता दुरुस्ती करत बसायचं नाही. अडलं तिथे पेन्सिलनं नुसती रेघ मारायची आणि पुढे जायचं, कारण थांबून सुधारायला लागलं की लय तुटते आणि पुढच्या वाक्याला ताजा श्वास मिळतो, मग ते लांब असलं तरी कळत नाही. पुटपुटत पण वाचायचं नाही. पुटपुटताना आपण शब्दांचे शेवट गिळतो आणि जे अडायला हवं तेच गिळलं जातं.

रेघांवरून सुधारलं की पहिल्या झटक्यात साधारण असं होतं: "रविवारी 14 तारखेला सकाळी 9 ते संध्याकाळी 5 पाणी बंद राहणार आहे. गच्चीवरची टाकी साफ करायची आहे. पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं आहे." छोटी वाक्यं झाली, छान. पण परत मोठ्यानं वाचा, आहे, आहे, आहे, एकसारखे तीन ठोके. लांब वाक्य तोडल्यावर मराठीत हा दोष हमखास येतो आणि डोळ्यांना तो दिसत नाही, कानालाच कळतो. म्हणून दुरुस्तीनंतर फक्त ते वाक्य नाही, अख्खा परिच्छेद परत वाचायचा. यावर उपाय सोपे आहेत, कुठे "आहे" काढून टाकायचं, कुठे क्रियापदाचं रूप बदलायचं, कुठे दोन वाक्यं जोडायची. "रविवारी 14 तारखेला सकाळी 9 ते संध्याकाळी 5 पाणी बंद राहील. गच्चीवरची टाकी साफ करायची आहे. शनिवारी रात्रीच पुरेसं पाणी भरून ठेवा." आता राहील, आहे, ठेवा, तिन्ही शेवट वेगळे झाले आणि महत्त्वाची गोष्ट पहिल्याच वाक्यात आली.

स्वतः वाचण्यात एक मोठी अडचण मात्र आहे. काय म्हणायचंय ते आपल्याला माहीत असतं, त्यामुळे कागदावर नसलेला स्वल्पविराम आपण आवाजात घालतो आणि गाळलेलं अक्षर मनातून भरतो. कागदावर "सभासदानी" आहे, अनुस्वार राहिलाय, तरी आपण "सभासदांनी" असंच वाचणार.

इथे मशीन कामाला येतं. मशीनला तुमच्या मनातलं माहीत नसतं, जे टाइप केलंय तेच ते बोलतं. सुटलेला अनुस्वार, दोनदा पडलेला "आहे", वाक्य बदलताना मागे राहिलेलं जुनं क्रियापद, "राहील आहे" सारखं, हे सगळं कानाला लगेच टोचतं. एज ब्राउझरमध्ये पान किंवा पीडीएफ उघडून Ctrl+Shift+U दाबलं की Read aloud सुरू होतं, Voice options मध्ये मराठीचे Aarohi आणि Manohar असे आवाज मिळतात. वर्डमध्ये Review टॅबमध्ये Read Aloud आहे, अँड्रॉइड फोनवर अॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये Select to Speak. ऐकताना पहिल्या वेळी स्क्रीनकडे बघू नका, खिडकीबाहेर बघा वाटलं तर, कारण डोळे वाचायला लागले की कान त्यांच्या मागे जातात आणि परत तेच, मनातलं ऐकू यायला लागतं. आणि स्पीड वाढवू नका. वेळ वाचवायला बरेच जण दीडपट करतात आणि मग अनुस्वार कुठला आणि काय कुठलं, सगळं एकात एक मिसळतं.

पण मशीनला श्वास लागत नाही. वरची ती जवळपास पन्नास शब्दांची नोटीस ते न अडखळता एका दमात वाचून टाकेल आणि ऐकायलाही ठीकच वाटेल, म्हणून फक्त मशीनवर भरवसा ठेवणाऱ्यांची वाक्यं लांबच राहतात. दुसरं, मशीनच्या सगळ्या अडखळण्याला चूक समजायचं नाही. "दि.", "रु.", "क्र." असली संक्षिप्त रूपं ते कशीही वाचू शकतं, आणि च, ज यांचे दोन उच्चार आपल्या लिपीत दिसत नाहीत, जग म्हणजे दुनिया की जगणं याचा मशीनला अंदाजच करावा लागतो. चुकून हिंदी आवाज लागला असेल तर मराठी विचित्रच ऐकू येईल, त्यावरून ड्राफ्टला नावं ठेवू नका, आधी आवाज बदला. आणि हो, एजमधले ज्यांच्या नावापुढे Online असतं ते आवाज मजकूर सर्व्हरवर पाठवून बोलतात, तेव्हा कोणाच्या आजारपणाचं, पगाराचं, कोर्टकचेरीचं काही असेल तर ते तिथे टाकू नका, सरळ तोंडानं वाचा.

तिसरा प्रकार दुसऱ्या माणसाचा, आणि अर्थाचा घोळ शोधायला याच्यासारखं काही नाही. नोटिशीत शेवटी अजून एक ओळ होती समजा: "टाकी साफ झाल्यावर येणारे पाणी गढूळ असेल तर वापरू नये तोपर्यंत भरून ठेवलेले पाणी वापरावे." लिहिणारा वाचताना "नये" नंतर बरोबर थांबणार. शेजारच्या काकूंना दिलं तर त्या "वापरू नये तोपर्यंत" असं एका सुरात वाचून पुढे जातील, मग थांबतील, मागे येतील आणि परत सुरुवात करतील. ते मागे येणं हेच हवं होतं. पूर्णविराम कुठे आहे ते कळत नाही आणि "तोपर्यंत" म्हणजे कधीपर्यंत तेही कळत नाही. मग ते असं होतं: "टाकी साफ झाल्यावर नळाला सुरुवातीला गढूळ पाणी येईल, ते वापरू नका. स्वच्छ पाणी येईपर्यंत भरून ठेवलेलंच वापरा."

यात आपल्याला गप्प बसावं लागतं आणि तेच लोकांना जमत नाही. "काकू, हे जरा मोठ्यानं वाचून दाखवता का?" एवढंच म्हणायचं, कशाबद्दल आहे ते सांगायचं नाही, दुसरी प्रत आपल्या हातात ठेवायची आणि त्या जिथे अडतील तिथे खूण करायची. मध्येच "नाही नाही, इथे थांबायचं" म्हटलं की संपलं, कारण नोटीस लिफ्टपाशी लागेल तेव्हा सांगायला आपण तिथे उभे नसणार. माणूस कोण निवडता यावरही बरंच आहे. सूत्रसंचालन वगैरे करणारं कोणी असेल तर ते टाळा, ते लोक पुढचं वाक्य डोळ्यांनी आधीच बघून ठेवतात आणि वाईट वाक्यही सुंदर म्हणून दाखवतात. ज्यांच्यासाठी लिहिलंय त्यांच्यासारखं कोणीतरी हवं. आणि हे रोज रोज नाही करता येत, माणसाचा वेळ जातो, आणि एकाला एक ड्राफ्ट एकदाच देता येतो, दुसऱ्यांदा त्यालाही अर्थ माहीत झालेला असतो.

एक गोष्ट तिन्हीत सापडत नाही, ऱ्हस्व-दीर्घ. "आणि" लिहा की "आणी", आपल्या बोलण्यात फरक पडत नाही, त्यामुळे वेलांट्या डोळ्यांनीच बघाव्या लागतात. तसंच 14 तारखेला खरंच रविवार आहे का हे कॅलेंडरच सांगेल, कितीही मोठ्यानं वाचलं तरी कळणार नाही.

मग ठरवायचं कसं? चार ओळींचा मेसेज असेल तर स्वतः एकदा वाचला तरी पुरतं. भाषणाचा कागद असेल तर फक्त स्वतः, आणि उभं राहून, कारण तो शेवटी तुमच्याच श्वासावर चालणार आहे. आठ-दहा पानांचा रिपोर्ट अख्खा तोंडानं वाचायला गेलात तर तिसऱ्या पानापासून आवाज थकतो आणि आपण गुणगुणायला लागतो, तिथे पहिलं पान आणि ज्या जागा मनात खटकल्यात तेवढ्या तोंडानं, बाकी मशीनकडे. आणि ज्यातून सूचना पाळायच्या असतात किंवा जे पाठवल्यावर परत घेता येत नाही, तक्रार, राजीनामा, पैशांबद्दलचं पत्र, तिथे माणूस शोधाच, एकच वाचन करायला वेळ असला तरी ते माणसाचं असू दे. ठरलेल्या नमुन्यातल्या अर्जांचं वेगळं, तिथे "सदर" आणि "उपरोक्त" तोंडाला कितीही खटकले तरी नमुन्याचे शब्द तसेच राहू देत, आपण लिहिलेला कारणाचा परिच्छेद तेवढा श्वासावर तपासा.

तिन्ही करायला वेळ असेल तर क्रम मात्र पाळा. आधी स्वतः, कारण त्यात वाक्यं तुटतात, शब्द उडतात, सगळ्यात जास्त उलथापालथ होते. मग माणूस. मशीन एकदम शेवटी, कारण प्रत्येक दुरुस्तीत एखादा अनुस्वार सुटतो, एखादं जुनं क्रियापद मागे राहतं, आणि मशीन आधीच ऐकून झालं असेल तर या नव्या चुका तशाच निघून जातात. मशीनवर ऐकल्यानंतर एक शब्द जरी बदललात तरी ते वाक्य परत ऐकून मगच सेंड दाबा.