मोझेलची रीस्लिंग: श्पेटलेजे घ्यावी की श्पेटलेजे ट्रॉकन?

जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या एकाच उत्पादकाच्या, एकाच मळ्यातल्या दोन रीस्लिंग, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाच्या पांढऱ्या वाइन, माझ्या घरात बरीच वर्षं शेजारी शेजारी उभ्या असतात. एकीवर ‘श्पेटलेजे’ लिहिलेलं, दुसरीवर ‘श्पेटलेजे ट्रॉकन’. पहिली चांगली गोड, दुसरी ठणठणीत ड्राय.

हे मला कळलं ते एका जेवणाच्या वेळी. रवा लावून तळलेली मासळी केली होती आणि पाहुणे वाइन जाणणारे होते. श्पेटलेजे म्हणजे उशिरा तोडलेली द्राक्षं, म्हणजे वाइन जरा भारदस्त असणार, एवढ्या समजुतीवर मी बाटली आणली होती. पहिल्याच घोटाला मासळीची चव साखरेखाली गेली. पुढे कधीतरी मुद्दाम गोड हवी म्हणून दुसऱ्या उत्पादकाची श्पेटलेजे घेतली, तर ती लिंबासारखी आंबट आणि ड्राय निघाली. तिच्या लेबलावर खाली बारीक अक्षरात ट्रॉकन होतं, ते मी वाचलंच नव्हतं.

गोम अशी, की काबिनेट, श्पेटलेजे, आउसलेजे हे शब्द तोडणीच्या वेळी रसात किती साखर होती ते सांगतात. त्यातली बाटलीत किती उरली, हे ते सांगत नाहीत. ते तळघरात ठरतं. समजा, रसात लिटरमागे 200 ग्रॅम साखर आहे. साधारण 17 ग्रॅम साखरेतून 1 टक्का अल्कोहोल तयार होतं. यीस्टला सगळी साखर खाऊ दिली तर वाइन 12 टक्क्यांच्या आसपास जाते आणि ड्राय होते. तीच 8 टक्क्यांवर असताना टाकी थंड करून, यीस्ट गाळून थांबवली, तर लिटरमागे 60 ग्रॅमच्या वर साखर शिल्लक राहते. रस तोच, पण वाइन वेगळी.

रीस्लिंगला दोन्ही रूपं शोभतात ती तिच्या आम्लामुळे. मोझेलच्या थंडीत द्राक्ष पिकलं तरी त्याचा आंबटपणा टिकून असतो. म्हणून 60 ग्रॅमची वाइनही पाकासारखी चिकट लागत नाही, आणि 7-8 ग्रॅम साखर असलेली तर जिभेला पूर्ण ड्राय वाटते. कायदाही हे धरून चालतो. ट्रॉकन लिहायचं तर लिटरमागे 4 ग्रॅमपर्यंत साखर चालते. आम्ल पुरेसं असेल तर 9 पर्यंत सूट आहे, फक्त साखर आम्लापेक्षा 2 ग्रॅमहून जास्त असता कामा नये.

माझा कल ट्रॉकनकडे झुकला तो इथेच. त्या शब्दामागे आकडा आहे. नुसत्या ‘श्पेटलेजे’मागे चवीचं असं कुठलंच वचन नाही आणि गोडीबद्दल लेबल गप्प राहिलं तरी चालतं. जर्मन बाटली गप्प असेल तर ती गोड समजावी, हा माझा अनुभव. ‘फाइनहेर्ब’ने मला त्याहून जास्त छळलं. या शब्दाला कायद्यात ठरलेली मर्यादा नाही. साधारणपणे अर्धगोड असा त्याचा अर्थ, पण एका घरची फाइनहेर्ब मला जवळजवळ ड्राय लागली आणि दुसऱ्या घरची सरळ गोड.

म्हणून आता मी आधी बाटलीवरचा अल्कोहोलचा आकडा शोधतो. तो छापावाच लागतो, बहुतेकदा अगदी कोपऱ्यात. 7.5 ते 9 असेल तर गोड. 12 किंवा वर असेल तर मोझेलची बाटली बहुधा ड्राय. 10-11 ला मात्र अंदाज चुकतो, तिथे ट्रॉकन शब्द दिसला तरच मी ड्राय म्हणून घेतो. बाटलीवर ‘GG’ ही अक्षरं असतील, म्हणजे ‘ग्रोसेस गेवेक्स’, उत्तम मळ्यांतल्या ड्राय वाइनची खूण, तर शंकाच नको, ती ड्रायच असते, फक्त महाग. हा आकड्याचा हिशोब शेजारच्या फ्रान्समधल्या आल्झासला तसाच लावू नये. तिथे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची वाइन 12-13 टक्के असूनही गोड असू शकते.

गोड रीस्लिंग कमी दर्जाची, असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही. झणझणीत तांबड्या रश्श्यासोबत 13 टक्क्यांची ट्रॉकन घेतली तर अल्कोहोलमुळे तिखट आणखी भडकतं. तिथे 8 टक्क्यांची काबिनेट जिभेला निववते, आणि त्या दिवशी मी तीच उघडतो. एरवी मासळी असो, वरणभात-तूप असो किंवा नुसतं गप्पा मारत बसायचं असो, माझा हात ट्रॉकनकडेच जातो. ती नवखी असेल तर थोडी करकरीत लागते, म्हणून जमलं तर तीन-चार वर्षं जुनी घ्यावी.