‘साथीचं औषध’ म्हणून विकलेल्या बाटलीने मामांच्या डोळ्यात फूल पडलं

2023 चा पावसाळा आठवतो का? जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ होती. आळंदीत तर शाळकरी मुलं हजारांनी आजारी पडली होती. जो तो काळा चष्मा लावून फिरायचा. त्याच दिवसांत सांगली जिल्ह्यातल्या एका बाजारगावात चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाने माझ्या मामांना फसवलं. त्याच्याकडे ना डॉक्टरची पदवी होती, ना औषधं विकायचा परवाना. मी फार्मासिस्ट आहे, म्हणून त्याने नेमकं काय विकलं ते मला ओळखता आलं. ते सगळ्यांना कळावं म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मामा उसाचा पाला काढत होते. पात्याची धार उजव्या डोळ्याला लागली. त्या दिवशी नुसतं खुपलं, पाणी आलं. दोन दिवसांनी डोळा लाल झाला, ठणकायला लागला आणि उजेडाकडे बघवेना. मामांनी दुकानदाराला पहिलंच वाक्य सांगितलं, “उसाचं पातं लागलंय.” तो म्हणाला, “मामा, सगळ्या गावाचे डोळे आलेत, तुमचेबी आलेत.” त्याने टॉर्च लावला नाही, की एक डोळा झाकून अक्षरं वाचायला सांगितली नाहीत. लेबल खरवडलेली एक छोटी बाटली दिली आणि दुकानात मिळते त्याच्या कितीतरी पट किंमत घेतली. “कंपनीतून थेट येतं, बाहेर मिळायचं नाही,” असं वर सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी लाली उतरली, ठणका कमी झाला. मामींनी शेजारणीलाही त्याच दुकानाचं नाव सुचवलं. मामांना मात्र त्या डोळ्याने धूसर दिसत होतं. आठवडाभराने पुन्हा दुखायला लागलं, तेव्हा तो म्हणाला, “आतली घाण बाहेर येतेय, औषध लागू पडल्याची खूण आहे.” आणि त्याने दुसरी बाटली विकली. या बाटलीचं लेबल घाईत अर्धंच निघालं होतं. मी गेले तेव्हा उरलेल्या कागदावर मला ‘डेक्सामेथासोन’ हा शब्द स्पष्ट दिसला.

डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आहे. डोळा लाल होतो, सुजतो, दुखतो, कारण शरीर आत शिरलेल्या जंतूशी झगडत असतं. स्टिरॉइड हा झगडाच दाबतं. त्यामुळे लाली जाते, पण जंतू जागच्या जागी राहतो आणि त्याला अडवणारं कोणी उरत नाही. मामांच्या डोळ्यात शिरली होती बुरशी. उसाची, भाताची पाती, काड्या, भुसा यांच्यावर ती असतेच आणि बुबुळावर ओरखडा पडला की तिला वाट मिळते. या बुरशीला स्टिरॉइड एकटं देणं म्हणजे राखणदाराला बांधून ठेवून शेत मोकळं सोडणं. दुकानदाराचा धंदा चालतो तो याच्यावरच. रोग वाढत असतानाही डोळा पहिले काही दिवस बरा झाल्यासारखा दिसतो आणि गिऱ्हाईक त्याची कीर्ती करतं.

नेत्रतज्ज्ञ अशी औषधं देतात, अगदी योग्य जागी देतात. पण त्याआधी ते स्लिट लॅम्पखाली बुबुळ तपासून जखम आहे का ते बघतात. म्हणूनच ही औषधं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि लेबलच्या डाव्या कडेला लाल उभी पट्टी असते. लेबल खरवडायचं कारण तेच. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल, फ्लुरोमेथोलोन यांपैकी नाव असेल, तर डोळा तपासल्याशिवाय एक थेंबही घालू देऊ नका. अँटिबायोटिकच्या जोडीनेही ही स्टिरॉइडं येतात, म्हणून बारीक अक्षरांतली ओळ शेवटपर्यंत वाचा.

आता साधे डोळे आलेत की आणखी काही आहे, हे घरी कसं ओळखायचं? साथीत डोळा चुरचुरतो, वाळू गेल्यासारखा खुपतो. सकाळी पापण्या चिपडाने चिकटतात, बहुतेकदा एकापाठोपाठ दोन्ही डोळे येतात. चिपडामुळे धूसर दिसलं, तरी डोळा धुतला, पापणी मिटून उघडली की पुन्हा लख्ख दिसतं. लाली पापणीच्या आतल्या बाजूला आणि पांढऱ्या भागावर पसरलेली असते. एक-दोन आठवड्यांत ती आपोआप जाते.

मामांच्या बाबतीत यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. एकच डोळा, चिपड जेमतेम, खोलवर ठणका, उजेडाचा त्रास, बुबुळाभोवती कड्यासारखी गडद लाली. सगळ्यांत मोठी खूण नजरेची होती. मी त्यांचा डावा डोळा तळहाताने झाकला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे आकडे वाचायला सांगितले. डोळा धुऊन, कितीही वेळा पापणी मिटूनही त्यांना आकडे दिसेनात. ही परीक्षा कोणालाही करता येते. लाली कमी होतेय की वाढतेय यापेक्षा नजर काय सांगते ते धरा. दुखणारा लाल डोळा आणि न हटणारा धूसरपणा एकत्र आले, की त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचा, साथ असो वा नसो. साथीचा विषाणूही कधीकधी बुबुळावर जातो, त्यामुळे हा नियम तिथेही चालतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याने तर लेन्स काढून लगेच जावं.

याच जोडीला डोकं फुटेल असं दुखत असेल, उलट्या होत असतील, दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील, तर काचबिंदूचा झटका असू शकतो. डोळ्यातला दाब अचानक वाढतो आणि थोड्याच वेळात नजर कायमची जाऊ शकते. अशा माणसाला पित्ताची गोळी देऊन झोपवलेलं मी ऐकलं आहे. त्याला रात्रीच घेऊन निघा.

मिरजेला डॉक्टरांनी हिरवट रंग देणारा थेंब घालून निळ्या उजेडात पाहिलं. बुबुळावर जखम होती, तिच्या कडा पिसासारख्या विस्कटलेल्या आणि आत खाली पू साचलेला. डोळा बधिर करून जखमेचा खरवड घेतला, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर बुरशीचे तंतू दिसले. मग 5 टक्के नॅटामायसिनचे थेंब सुरू झाले, सुरुवातीला दर तासाला, रात्रीही. हे औषध खाली बसतं, म्हणून प्रत्येक वेळी बाटली हलवावी लागते. बुरशी हळूहळू मरते आणि उपचार कित्येक आठवडे चालतात. मधेच बरं वाटलं म्हणून थेंब थांबवायचे नाहीत.

डोळा वाचला, पण बुबुळाच्या मधोमध पांढरं फूल राहिलं. त्या डोळ्याने आता मामांना समोर धरलेली बोटं मोजता येतात, माणूस ओळखता येत नाही. डॉक्टरांनी पुढे बुबुळ बदलायचं सुचवलं आहे. मामा स्टिरॉइड न घालता सुरुवातीलाच आले असते, तर फूल लहान आणि कडेला राहिलं असतं, असं त्यांनी सांगितलं.

ती अर्धवट लेबलाची बाटली आम्ही जपून ठेवली होती. डॉक्टरांनीही ती आधी मागितली, कारण डोळ्यात काय गेलंय ते कळल्याशिवाय पुढचं ठरत नाही. नंतर तीच बाटली तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकांकडे लेखी तक्रारीसोबत दिली. मामांच्या तपासणीचे कागद आणि बाटलीचे फोटो जोडले, पोच घेतली. पावती दुकानदाराने दिलीच नव्हती, तरी तक्रार घेतली गेली. ते दुकान आता बंद आहे, पण तो माणूस दुसऱ्या बाजारगावात चष्मे विकताना दिसल्याचं कळलं आहे. तुमच्या बाजारात कोणी खरवडलेल्या लेबलाची बाटली ‘साथीचं औषध’ म्हणून देत असेल, तर ती फेकू नका, फोटो काढा आणि औषध निरीक्षकाकडे पोचवा.